कालरेषेच्या वर्कशीटला गुण देताना: क्रम वेगळा तपासा, सालं वेगळी

प्रश्न: "सातवीच्या मुलांना शिवकाळातल्या आठ घटना विस्कटून दिल्या होत्या. त्या कालानुक्रमे लावून प्रत्येकीसमोर साल लिहायचं होतं. एका मुलीने 'कोंढाणा जिंकला' ही घटना सर्वांत वर लिहिली, बाकीच्या ओळीने आल्या. पण उत्तरसूचीशी जागा जुळवली तर तिला आठपैकी एकच गुण मिळतो. एका मुलाचा क्रम अचूक आहे, पण पुरंदरचा तह आणि आग्र्याहून सुटका यांची सालं उलटी पडली आहेत. दोघांना किती गुण द्यावेत? मुलीचे पालक भेटायला येणार आहेत."

उत्तर:

तुमची अडचण त्या मुलीच्या उत्तरात कमी आणि तपासण्याच्या पद्धतीत जास्त आहे. उत्तरसूचीतली तिसरी घटना मुलाच्या पानावर तिसऱ्या ओळीत आहे का, एवढंच आपण पाहतो तेव्हा आपण क्रम तपासतच नसतो, फक्त जागा तपासत असतो. कालरेषेत जागेला स्वतःचा काही अर्थ नाही. कशाच्या आधी काय आणि कशानंतर काय, हे मुलाला कळलंय का ते आपल्याला पाहायचं असतं. त्यात साल हा दुसरा, वेगळा प्रश्न असतो, आणि एकाच कागदावर दोन्ही आल्यामुळे एकाच चुकीचे गुण दोनदा कापले जातात.

आधी एक अट. ही परीक्षा असेल आणि गुणदानाची पद्धत शाळेने ठरवून दिली असेल, तर ती एकट्याने मोडू नका. विषयप्रमुखांशी बोलून साऱ्या वर्गासाठी बदला. वर्गातला सराव असेल तर मोकळीक तुमचीच आहे. खाली लिहितोय ते मी माझ्या वर्गात वापरतो, आणि जिथे माझ्या मताशी दुसरा शिक्षक सहमत होणार नाही, तिथे तसं सांगतो.

तुमच्या आठ घटना कोणत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी नेहमीच्या धरतो: अफजलखानाचा वध (१६५९), पन्हाळ्याहून सुटका (१६६०), लाल महालावरचा छापा (१६६३), सुरतेची लूट (१६६४), पुरंदरचा तह (१६६५), आग्र्याहून सुटका (१६६६), कोंढाणा (१६७०) आणि राज्याभिषेक (१६७४).

आता मुलीचा कागद समोर ठेवा. कोंढाणा वर गेल्यामुळे अफजलखान दुसऱ्या ओळीत, पन्हाळा तिसऱ्या, लाल महाल चौथ्या, असं करत आग्रा सातव्या ओळीत सरकलं. फक्त राज्याभिषेक आपल्या आठव्या जागी राहिला. म्हणून एक गुण. पण कोंढाण्यावर बोट ठेवून बाकीचं वाचून पाहा: अफजलखान, पन्हाळा, लाल महाल, सुरत, पुरंदर, आग्रा, राज्याभिषेक. सातही घटना बिनचूक क्रमात आहेत. चूक एका घटनेची आहे, बाकीच्या सहा ती वर गेल्यामुळे हललेल्या आहेत.

क्रम तपासताना मी हेच करतो. कमीत कमी किती घटना उचलल्या तर उरलेल्या ओळीने लागतील, ते पाहतो. उरलेली सर्वांत लांब साखळी म्हणजे मुलाला आलेला क्रम. इथे एक घटना उचलली की सातची साखळी उरते. दोन उचलाव्या लागल्या तर सहाची. पेन्सिलीने करायला पानामागे अर्धं मिनिट लागतं, आणि थोड्या सवयीने नजरेलाच दिसायला लागतं.

या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात असू द्या. आठ घटना अगदी अंदाजाने कशाही लावल्या, तरी तीन-चारची साखळी आपोआप सापडते. म्हणून साखळीतल्या प्रत्येक घटनेला गुण देत बसलात, तर काहीच न येणारा मुलगाही जवळपास निम्मे गुण घेऊन जाईल. त्यापेक्षा पूर्ण गुणांपासून सुरुवात करून उचलाव्या लागलेल्या प्रत्येक घटनेला एक गुण कापा. तुमच्या आठ गुणांपैकी मी चार क्रमाला ठेवीन आणि चार सालांना, म्हणजे प्रत्येक सालाला अर्धा. क्रमात आठची साखळी म्हणजे ४, सातची ३, सहाची २, पाचची १ आणि चार किंवा त्याहून कमी असेल तर शून्य. मुलीला क्रमाचे ३ मिळाले.

सालांकडे वळण्याआधी तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला विचारायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे: वर नेलेल्या कोंढाण्यासमोर तिने कोणतं साल लिहिलंय?

समजा १६७० लिहिलंय आणि बाकीची सालंही आपापल्या घटनेसमोर बरोबर आहेत. मग पानावर सालं अशी दिसतील: १६७०, १६५९, १६६०, १६६३ आणि पुढे. साल घटनेला घट्ट चिकटलेलं आहे, फक्त लावताना तिने सालांकडे पाहिलं नाही. घटनांच्या पट्ट्या कापून चिकटवायच्या असतील तर हे फार होतं. शेवटी एक पट्टी हातात उरते, तिच्या खऱ्या जागी चिकटवायला जागा नसते, म्हणून ती वरच्या मोकळ्या भागात जाते. अशा पानावर सरकलेल्या पट्टीचा गोंद बाहेर आलेला असतो किंवा ती थोडी तिरकी असते, तेही बघा. हिची आठही सालं बरोबर आहेत. क्रमाचे ३ आणि सालांचे ४ मिळून ७ गुण.

आता समजा कोंढाण्यासमोर १६५९ आहे, अफजलखानासमोर १६६०, पन्हाळ्यासमोर १६६३, लाल महालासमोर १६६४, सुरतेसमोर १६६५, पुरंदरसमोर १६६६, आग्र्यासमोर १६७० आणि राज्याभिषेकासमोर १६७४. इथे साल घटनेला चिकटलेलं नाही, ते जागेला चिकटलंय. तिने आठ सालांची सनावळी ओळीने पाठ केली आणि घटना लावून झाल्यावर ती वरून खाली उतरवली. नियमाने बघितलं तर एकच साल बरोबर, म्हणजे अर्धा गुण. ते देणारे शिक्षक चुकत नाहीत, कारण 'समोर साल लिहा' हाच प्रश्न होता आणि सात घटनांसमोर चुकीचं साल आहे. मी मात्र इथे सालांच्या चारपैकी २ देतो. कारण कोंढाणा त्याच्या जागी ठेवला तर सगळी सालं एकदम जुळतात. चूक एका घटनेचीच आहे आणि तिचा गुण क्रमात कापून झालाय. पूर्ण चार मात्र देत नाही, कारण अफजलखानाचं प्रकरण १६५९ चं हे तिला स्वतंत्रपणे माहीत असतं, तर १६६० लिहिताना हात थांबला असता. शक्य असेल तर तिला जवळ बोलावून कागद न दाखवता विचारा, अफजलखानाचा वध कधी झाला? चटकन '१६५९' आलं तर माझे दोन योग्य. ती बोटांवर पहिल्यापासून मोजायला लागली, तर अर्धाच द्या.

तिसरी शक्यता अशी, की तिने कोंढाण्यासमोर १६४७ किंवा त्याच्या आसपासचं साल लिहिलंय. मग ती चुकलेलीच नाही. कोंढाणा स्वराज्यात १६४७ च्या सुमारास आलेला होता. पुढे शहाजीराजांच्या सुटकेच्या वेळी तो आदिलशाहीला परत द्यावा लागला, पुन्हा मिळवला, पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो पुन्हा गेला आणि फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन तो परत आणला. तुमच्या वर्कशीटवर नुसतं 'कोंढाणा जिंकला' लिहिलंय. कोणत्या वेळचा, ते त्यात नाही. अशा वेळी तिला आठपैकी ८ द्यायचे आणि प्रश्नाची भाषा सुधारायची. तिने साल न लिहिता जागा रिकामी सोडली असेल, तरी तोंडी विचारून बघा. घरी किल्ल्यांबद्दल बोलणं होत असेल, तर तिच्या डोक्यात पहिली वेळ असणं सहज शक्य आहे.

असं प्रश्नातच घोळ असणं अपवाद नाही. याच आठ घटनांत आणखी दोन ठिकाणी तो दडलेला असतो. 'सुरतेची लूट' दोनदा झाली, जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. एखाद्याने ती कोंढाण्यानंतर लावून समोर १६७० लिहिलं असेल, तर त्याचं उत्तर निर्दोष आहे. आणि पुष्कळ वर्कशीटवर लाल महालाऐवजी 'शायिस्तेखानाची स्वारी' असं छापलेलं असतं. शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला मे १६६० मध्ये. त्या वेळी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते, आणि ते तिथून निसटले जुलैमध्ये. म्हणजे स्वारी सुटकेच्या आधी सुरू झाली आणि लाल महालावरचा छापा पडला तो एप्रिल १६६३ मध्ये. स्वारी आणि सुटका यांचा क्रम एखाद्याने उलटा लावला, तर कोणत्या आधारावर चूक म्हणणार? जी घटना महिनोन्‌महिने चालते, तिला कालरेषेवर एकच जागा मागू नये. तिचा एखादा दिवस उचलून विचारावा: छापा, तह, सुटका, अभिषेक.

आता मुलाकडे. त्याचा क्रम पूर्ण बरोबर, तहासमोर १६६६ आणि आग्र्यासमोर १६६५. क्रमाचे ४, सालांत दोन चुका म्हणजे ३, मिळून ७ गुण. मुलीच्या पहिल्या शक्यतेइतकेच. पण दोघांचे सात एकसारखे नाहीत, आणि तुम्हाला पुढे काय शिकवायचं ते या फरकावरून ठरतं. मुलाच्या पानावर सालं १६६४, १६६६, १६६५, १६७० अशी आहेत. म्हणजे कालरेषा मध्येच मागे जाते, आणि ते त्याच्या नजरेला खटकलं नाही. त्याने घटना गोष्टीवरून लावल्या आहेत: मिर्झाराजे जयसिंग आले, तह झाला, त्यापायी आग्र्याला जावं लागलं, तिथून सुटका झाली. ही साखळी त्याच्या डोक्यात पक्की आहे. सालं त्याने नंतर, वेगळी आठवून भरली. याला पुन्हा सनावळी पाठ करायला सांगण्यात अर्थ नाही. लिहून झाल्यावर सालांची ओळ वरून खाली वाचायची आणि कुठे आकडा कमी झाला तर थांबायचं, एवढी सवय लावली की पुष्कळ होतं.

याच्या शेजारी दुसऱ्या एका प्रकारचा कागद ठेवून बघा, तो तुमच्या गठ्ठ्यात नक्की असेल. त्यात आग्रा आधी आहे आणि समोर १६६५, तह नंतर आणि समोर १६६६. सालं चढत्या क्रमाने, पान देखणं, खाडाखोड नाही. घाईत तपासताना हा कागद नजरेखालून सटकतो, कारण सालांची ओळ बरोबर दिसते. पण माझ्या दृष्टीने या दोघांत हीच चूक मोठी. तहाच्या आधी आग्र्याला जायचं कारणच नव्हतं. या मुलाला आकडे आले आणि गोष्ट आली नाही. गुणांत फरक एकाचाच पडतो: क्रमात एक घटना उचलावी लागते म्हणून ३, सालांत दोन चुका म्हणून ३, एकूण ६. जागा जुळवून तपासलं असतं तर दोन घटना जागेवर नाहीत आणि दोन सालं चूक, असं चार ठिकाणी कापलं गेलं असतं, तेही एका अदलाबदलीसाठी. शेरा मात्र मी गुणांपेक्षा मोठा लिहितो: 'आग्र्याला जाणं का भाग पडलं?' एवढा प्रश्न समासात. उत्तर शोधताना क्रम आपोआप सुधारतो. तुमच्या मुलीलाही असाच एक प्रश्न पुरेल: कोंढाणा पुन्हा का जिंकावा लागला? तहात गेला म्हणून, हे उमजलं की तो १६६५ च्या वर राहूच शकत नाही.

म्हणून तपासताना पान दोनदा वाचा. पहिल्यांदा सालांच्या रकान्यावर पट्टी ठेवा आणि फक्त घटना वाचा, साखळी मोजा. दुसऱ्यांदा ओळींचा क्रम विसरून एकेक घटना आणि तिचं साल एवढीच जोडी बघा. दोन्ही एकदम बघायला गेलं की डोळा चढत्या आकड्यांवर विश्वास ठेवतो.

एका वर्षाने चुकलेल्या सालाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण गठ्ठ्यात ते येणारच. सुरतेसमोर कुणी १६६३ लिहिलं, तर ते कुठून आलं ते आधी बघा. घरच्या जुन्या पुस्तकात शके दिलेलं असेल आणि मुलाने त्यात ७८ मिळवले असतील, तर जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या घटनेत हिशेब एका वर्षाने मागे पडतो, तिथे ७९ मिळवायचे असतात. पहिली सुरत जानेवारीतली, शके १५८५ ची. त्यात ७८ मिळवले की १६६३ येतात. कोंढाणा फेब्रुवारीतला, तिथेही हेच, शके १५९१ चे १६६९ होतात. महाराजांचा जन्म फाल्गुन शके १५५१ चा, त्याचे नेमके असेच १६२९ होतात. उलट राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६ मध्ये ७८ मिळवले की थेट १६७४ येतात. मुलाने असा हिशेब केल्याचं कच्च्या कामात दिसत असेल, तर मी पूर्ण अर्धा गुण देतो आणि ७९ चं कारण सांगतो. नुसतंच चुकलेलं असेल, तर त्या सालामुळे शेजारच्या घटनेशी घोळ होतो का ते पाहतो. कोंढाण्याला १६६९ लिहिलं तरी तो आग्र्यानंतर आणि राज्याभिषेकाआधीच राहतो. सुरतेला १६६३ लिहिलं तर ती लाल महालाच्या सालाला जाऊन भिडते, आणि छाप्यानंतर सुरत हे त्या मुलाला कळलंय की नाही याबद्दल काहीच सांगता येत नाही. पहिल्याला पाव गुण द्यायला माझी हरकत नसते, दुसऱ्याला देत नाही.

पालकांना भेटताना निव्वळ वाढलेले गुण सांगू नका, कागद समोर ठेवा. कोंढाण्यावर बोट ठेवून उरलेल्या सात घटना त्यांच्यासमोर वाचा. जागा जुळवून एक गुण कसा आला आणि साखळी मोजून क्रमाचे तीन कसे येतात, हे दोन मिनिटांत दिसतं. त्याच वेळी सांगा की पद्धत बदलली ती सगळ्या वर्गासाठी, आणि सगळ्यांचे कागद पुन्हा तपासलेत. हे खरंच करावं लागेल. कुणाचे गुण नव्या पद्धतीत कमी झाले तर काय करायचं, तेही आधी ठरवून ठेवा. सरावाची वर्कशीट असेल तर मी जास्तीचे ठेवतो, कारण आधी सांगितलेला नियम वेगळा होता.

पुढच्या वेळी छापताना तीन बदल करा. 'कोंढाणा जिंकला'ऐवजी 'तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला', 'सुरतेची पहिली लूट' आणि 'लाल महालावरचा छापा' असं लिहा. सालांचा रकाना घटनांच्या शेजारी न ठेवता, प्रत्येक विस्कटलेल्या घटनेपुढेच कंस ठेवा आणि साल आधी तिथे भरायला सांगा, क्रम नंतर खालच्या रेषेवर. मग साल जागेला चिकटायची सोयच राहत नाही, आणि ज्याला सालं येतात त्याला क्रम पडताळून पाहायला आधार मिळतो. तिसरा बदल गुणांचा: क्रमाला ४ आणि सालांना ४, हे वर्कशीटच्या माथ्यावर छापा, म्हणजे मुलांनाही कळेल की दोन गोष्टी मागितल्या आहेत.